चूल विझवली ते समजलं. मठ का मोडले?

२०२४ च्या सप्टेंबरात अल्बानियाचे पंतप्रधान एदी रामा यांनी जाहीर केलं, की तिराना शहरातल्या बेक्ताशी या सूफी पंथाच्या मुख्यालयाला व्हॅटिकनसारखा स्वतंत्र राज्याचा दर्जा देण्याचा त्यांचा विचार आहे. जागा जेमतेम दहा हेक्टर. तिथे मद्याला बंदी नसेल आणि बायकांनी काय घालावं हेही कुणी सांगणार नाही. बातमी आली तशी नेहमीची जुगलबंदी सुरू झाली. एका गटाच्या लेखी हा खरा उदार इस्लाम, ज्याला कट्टरांनी दोनशे वर्षांपूर्वी चिरडलं. दुसऱ्या गटाच्या लेखी हा सूफी वगैरे काही नव्हे, तर जॅनिसरी नावाच्या ज्या माजोरी फौजेने तुर्कांचं उस्मानी साम्राज्य आतून पोखरलं तिचा मठ; सुधारणावादी सुलतानाने फौज बुडवली तेव्हा मठही बुडाला आणि बरंच झालं. दोघंही साक्षीला १८२६ साल काढतात. आणि दोघांनाही त्या सालातले जूनचे पंधरा दिवस तेवढे माहीत असतात. जुलै कुणी वाचलेलाच नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. १८२६ मध्ये एक नव्हे, दोन निर्णय झाले. जॅनिसरी फौज मोडली हा एक, आणि जवळपास तीन आठवड्यांनी बेक्ताशी पंथ मोडला हा दुसरा. पहिल्याची कारणं लष्करी होती आणि ती बऱ्याच अंशी पटण्यासारखी आहेत. दुसऱ्याची कारणं पहिल्यातून आपोआप निघत नाहीत. ती सत्तेच्या हिशेबाची होती: धर्मातल्या अधिकृत-अनधिकृताचा शिक्का कुणाच्या हातात असावा आणि मठांच्या जमिनींचं उत्पन्न कुणी मोजावं, याची. ‘फौजेबरोबर मठ गेला’ या एका वाक्यात दोन्ही गुंडाळले, की दुसऱ्या निर्णयाचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ही म्हण मराठीत आहे तशीच हुबेहूब तुर्कीतही आहे. पण ओलं आपोआप जळलं की कुणी नंतर मुद्दाम उचलून आगीत टाकलं, हे विचारायला नको?

मुळात हे नातं जुळलं कसं? हाजी बेक्ताश वली हे तेराव्या शतकातले सत्पुरुष. खुरासानातून आले आणि मध्य अनातोलियातल्या एका खेड्यात राहिले. आज ते गाव त्यांच्याच नावाने हाजीबेक्ताश म्हणून ओळखलं जातं. जॅनिसरी म्हणजे ‘येनी चेरी’, नवी फौज. ती उभी राहिली चौदाव्या शतकात. दंतकथा अशी, की पहिल्या तुकडीला आशीर्वाद देताना हाजी बेक्ताशांनी एका शिपायाच्या डोक्यावर हात ठेवला आणि झग्याची बाही मागे लोंबली. म्हणून जॅनिसरींच्या पांढऱ्या नमद्याच्या टोपीला मागे बाहीसारखी झूल. कथा गोड आहे, पण फौज उभी राहिली तेव्हा पीरबाबांना जाऊन पाऊण शतक तरी उलटलेलं होतं. पंधराव्या शतकातला इतिहासकार आशिकपाशाजादे तर ठणकावून सांगतो, की हाजी बेक्ताशांची उस्मानी घराण्यातल्या कुणाशी गाठसुद्धा पडली नव्हती. ज्या गोष्टीचा इन्कार करायला इतकी घाई होते, ती तोवर लोकांत चांगलीच रुजलेली असणार, हेही त्यातूनच कळतं.

पंथाला शिस्त आली ती बालिम सुलतान यांच्या काळात, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यांना पंथात ‘दुसरे पीर’ म्हणतात, आणि परंपरा सांगते की त्यांना हाजीबेक्ताशच्या गादीवर बसवलं ते खुद्द सुलतान दुसरा बायझीद याने. म्हणजे हा पंथ दरबाराच्या डोळ्यांआड वाढलेला नव्हता. सीमेवरच्या फकिरांना आणि खेडोपाडीच्या भाविकांना एका सांभाळता येईल अशा छत्राखाली आणण्यात राज्याचाच हात होता. फौजेलाही तो सोयीचा होता. जॅनिसरी म्हणून घेतली जाणारी पोरं बाल्कनमधल्या ख्रिस्ती घरांतून उचललेली. त्यांना कलमा शिकवणं सोपं, पण घर तुटलेल्या पोराला नवं घर द्यायचं तर नुसत्या नियमांनी भागत नाही. अलींवरची भक्ती, गुरू-शिष्याचं नातं, एका ताटात जेवण, गाणं, थोडा प्याला. हे सगळं बेक्ताशींकडे होतं.

इथे विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करून टाकतो. काही अभ्यासू मंडळी हा संबंध निव्वळ नावापुरता होता असं म्हणतात. ते मला पटत नाही. जॅनिसरी स्वतःच्या फौजेला ‘ओजाक’ म्हणत. ओजाक म्हणजे चूल. अधिकाऱ्यांची नावंही स्वयंपाकघरातली. पलटणीचा प्रमुख ‘चोर्बाजी’, म्हणजे शोरबा करणारा. तुर्की चोर्बा आणि आपल्या ताटातला शोरबा एकाच कुळातले. प्रत्येक पलटणीचा मोठा तांब्याचा हंडा म्हणजे तिचं दैवत, आणि तो हंडा पालथा घालून मैदानात आणला की बंड पुकारलं असं समजायचं. या चुलीचं पूर्ण नाव कागदोपत्रीही ‘हाजी बेक्ताश ओजाक’ असंच यायचं. एका पलटणीत बेक्ताशी बाबांचा मुक्काम असे. शिपायांची सामूहिक प्रार्थना पीरांच्या नावाने ‘हू’ म्हणून संपे. आणि १८२६ च्या जूनमध्ये काही बेक्ताशी बंडवाल्यांच्या बाजूने उभे राहिले, हेही खरं. तेव्हा ‘मठाचा फौजेशी काय संबंध?’ असं विचारणाऱ्यांना मी साथ देणार नाही. संबंध होता. प्रश्न एवढाच, की त्या संबंधातून पुढची शिक्षा निघते का?

फौजेची अवस्था तोवर काय झाली होती, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मुलं उचलण्याची पद्धत केव्हाच बंद पडली होती; जॅनिसरींची जागा बापाकडून मुलाकडे जाई. शिपाई म्हणवणारे लोक इस्तंबूलच्या बाजारात दुकानं चालवत, हमाली करत, नावा वल्हवत, कॉफीखाने काढत. पगाराच्या चिठ्ठ्यांची खरेदी-विक्री होई, त्यामुळे यादीतलं सैन्य मैदानातल्या सैन्यापेक्षा कितीतरी मोठं. त्यांनी १६२२ मध्ये तरुण सुलतान दुसरा उस्मान याला मारलं. १८०७ मध्ये नव्या पद्धतीची फौज उभी करणाऱ्या तिसऱ्या सलीमला गादीवरून खेचलं, आणि पुढच्या वर्षी त्याचा जीव गेला. त्याच वर्षी गादीवर आलेल्या दुसऱ्या महमूदने हे सगळं पाहिलं होतं. तो अठरा वर्षं थांबला. १८२६ च्या एप्रिलात उठाव केलेल्या ग्रीकांचं मिसोलोंगी शहर पडलं, ते इजिप्तच्या नव्या कवायती फौजेच्या मदतीने. इस्तंबूलच्या फौजेची लाज राहिली नाही. मे महिन्यात फर्मान निघालं, की राजधानीतल्या एक्कावन्न पलटणींनी प्रत्येकी दीडशे माणसं नव्या कवायतीला द्यावीत. गंमत म्हणजे या कागदावर जॅनिसरींच्या बड्या अधिकाऱ्यांनी स्वतः शिक्के मारले होते.

कवायत सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले नाहीत तोच, १४ जूनच्या रात्री, हंडे मांसबाजाराच्या मैदानात आले. पण या वेळी सुलतानाची तयारी पुरी होती. प्रेषितांचा म्हणून मानला जाणारा ध्वज राजवाड्यातून बाहेर काढला गेला आणि लोकांना त्याखाली सुलतान अहमद मशिदीत जमायचं आवाहन झालं. उलेमा आले, मदरशांचे विद्यार्थी आले, दुकानदारही आले. तोफखाना सुलतानाच्या बाजूने होता. पंधरा तारखेला बराकीच्या दरवाजावर तोफा डागल्या, बराकींना आग लावली आणि एका दिवसात साडेचार शतकांची फौज संपली. पुढच्या दिवसांत शोधून शोधून माणसं मारली गेली. मेलेल्यांची गणती हजारांत जाते. दरबाराने या घटनेला ‘मंगल घटना’ असं नाव दिलं. नाव वाचून अंगावर काटा येतो. पण फौज ठेवून सुधारणा शक्य होती असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. सलीमने तो मार्ग करून पाहिला होता.

आता जुलै. बंड मोडून तीन आठवडे झाल्यावर, ८ तारखेला, तोपकापी राजवाड्याच्या मशिदीत एक बैठक भरली. साम्राज्याचे मुख्य धर्माधिकारी शेखुलइस्लाम होते, बडे उलेमा होते, आणि मेवलेवी, नक्शबंदी, हलवेती अशा इतर सूफी पंथांचे शेख मुद्दाम बोलावले होते. विषय: बेक्ताशींचं काय करायचं. आरोपांची यादी बघा. नमाज पढत नाहीत, रमजानात उघड खातात-पितात, पहिल्या खलिफांना नावं ठेवतात, लोकांना धर्मापासून ढळवतात. बंडाचा उल्लेख होता, पण तो तोंडी लावण्यापुरता. खटला चालला तो पाखंडाचा. जमलेल्या शेखांपैकी काहींनी तर ‘आमचा त्यांच्याशी संबंध येत नाही, आम्हाला ठाऊक नाही’ म्हणत हात झटकले. दोन दिवसांनी बेक्ताशींचे किंजी बाबा आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघांचा शिरच्छेद झाला. इस्तंबूलमधले मठ बंद झाले आणि बाबा-दरवेशांना हदीम, बिर्गी, कायसेरी, अमास्या अशा गावी पाठवलं गेलं. ही गावं अशीतशी निवडलेली नव्हती. तिथले उलेमा वजनदार होते. ‘श्रद्धा दुरुस्त’ करण्यासाठी ही माणसं त्यांच्या ताब्यात दिली होती. बंडखोराला कुणी व्याकरणाच्या शाळेत पाठवतं का?

यावर उत्तर येतं, आणि ते हलकं नाही: आरोप काहीही ठेवले असोत, राज्याला धोका खरा होता. अनातोलियापासून अल्बानियापर्यंत मठांचं जाळं पसरलेलं, पळालेला जॅनिसरी कुठेही आसरा घेऊ शकत होता. चारच वर्षांपूर्वी, १८२२ मध्ये, अल्बानियाच्या बंडखोर अली पाशाचं डोकं इस्तंबूलला आणावं लागलं होतं, आणि तो बेक्ताशी असल्याचं सगळे मानत. अशा वेळी कुठला राज्यकर्ता हातावर हात ठेवून बसेल?

ठीक. मग याच कसोटीला दुसरं एक प्रकरण लावून पाहू. १८१० च्या दशकात दरबारात जॅनिसरींचा सर्वांत मोठा पाठीराखा कोण होता? हालेत एफेंदी. महमूदच्या कानाशी लागून त्याने वर्षानुवर्षं सुधारणा अडवल्या असा त्याच्यावर ठपका आहे, आणि अली पाशाविरुद्धची मोहीम उकरून काढण्यातही त्याचाच हात. १८२२ मध्ये सुलतानाने त्याला कोन्याला हद्दपार करून गळा आवळून मारलं. हा माणूस मेवलेवी पंथाचा मोठा भक्त. त्याचं कापलेलं शिर गलाताच्या मेवलेवी मठात पुरलेलं. मग चार वर्षांनी मेवलेवी मठांची झाडाझडती झाली का? त्यांच्या शेखांना श्रद्धा दुरुस्त करायला पाठवलं का? नाही, त्यांना बेक्ताशींचा न्याय करायला बोलावलं. राजकीय संबंध हाच निकष असता तर दोघांना एकच न्याय लागला असता. रशियातही याच्याशी जुळणारं एक प्रकरण घडलं. मॉस्कोची स्त्रेल्त्सी फौज अशीच जुनी, अशीच बंडखोर, आणि चर्चमधले बदल नाकारणाऱ्या ‘जुन्या श्रद्धे’च्या लोकांशी तिचं १६८२ च्या उठावात उघड सूत होतं. पीटर द ग्रेटने १६९८ च्या बंडानंतर हजाराहून जास्त स्त्रेल्त्सी मारले. त्या श्रद्धावंतांवर चर्चचा आणि राज्याचा रोष आधीपासूनच होता. पण पीटरने पुढे १७१६ मध्ये त्यांच्याशी व्यवहार केला तो असा: नाव नोंदवा, दुप्पट कर भरा, राहा. त्याला संत म्हणायचं कारण नाही. फौज कापली म्हणून तिची श्रद्धाही कापावीच लागते असं नाही, एवढंच त्यातून दिसतं.

बेक्ताशींविरुद्ध निघालेल्या फर्मानातला मला सर्वांत बोलका वाटणारा नियम मात्र वेगळाच आहे. गेल्या साठ वर्षांत बांधलेले बेक्ताशी मठ पाडायचे. त्याहून जुने पाडायचे नाहीत, मशीद, मदरसा करायचे किंवा दुसऱ्या पंथांकडे सोपवायचे. समाध्यांना हात लावायचा नाही. खुद्द हाजी बेक्ताशांबद्दल तर आदरच. ते खरे वली होते, बिघडले ते पुढचे अनुयायी, अशी अधिकृत भूमिका. पाखंड मोजायला साठ वर्षांची फूटपट्टी कुठून आली? पाखंडाला वय नसतं, दानपत्राला असतं. जुन्या मठांमागे सुलतानांनी आणि सरदारांनी दिलेली वक्फ जमीन, गिरण्या, मळे होते. ते मोडणं म्हणजे जुन्या सुलतानांच्याच दानाला बोट लावणं. तेव्हा इमारत राहू द्या, माणसं बदला आणि उत्पन्न सरकारी हिशेबात घ्या. एल्माली जवळच्या अब्दाल मूसा मठात गेलेल्या सरकारी माणसांनी भांडी, गुरं, पुस्तकं, धान्य सगळ्याच्या याद्या केल्या. त्या याद्या वाचून आज इतिहासकार तिथल्या स्वयंपाकघराचं आणि ग्रंथालयाचं चित्र उभं करतात. त्याच वर्षी साम्राज्यातल्या वक्फांचं वेगळं खातंही स्थापन झालं, आणि वक्फांच्या उत्पन्नावर सरकारची पकड घट्ट होत गेली. फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने १३०७ मध्ये टेम्पलर या ख्रिस्ती पंथाच्या योद्ध्यांना पकडलं तेव्हाही आरोप पाखंडाचेच होते. १३१२ मध्ये पंथ विसर्जित झाला आणि मालमत्तेचा मोठा भाग दुसऱ्या धार्मिक पंथाकडे गेला. पैशासाठीच सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण पाखंडाचा खटला आणि मालमत्तेची यादी इतक्या वेळा हातात हात घालून का येतात, याचा विचार ‘मंगल घटने’च्या चाहत्यांनी करावा.

‘बेक्ताशी’ हा शब्द जुलैनंतर कसा वापरला गेला, हे एका माणसाच्या प्रकरणात स्वच्छ दिसतं. शानीजादे अताउल्ला एफेंदी हा वैद्य, गणिती, अनेक भाषा जाणणारा. शरीररचनेवरचा त्याचा सचित्र ग्रंथ १८२० मध्ये छापला गेला. तुर्कीतला आधुनिक वैद्यकाचा हा पहिला छापील ग्रंथ. १८१९ पासून तो दरबाराचा अधिकृत बखरकार होता. इस्तंबूलच्या बेशिक्ताश भागात त्याची एक मित्रमंडळी जमायची. लंडनला राजदूत राहिलेले इस्माईल फरूख एफेंदी त्यात होते, आणखी एक-दोघं उलेमा घराण्यातले. विज्ञान, तत्त्वज्ञान, साहित्य यांचे पाठ द्यायचे, घ्यायचे; ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. १८२५ मध्ये शानीजादेची बखरकारी गेली. १८२६ च्या धरपकडीत या मंडळींवर बेक्ताशी असल्याचा शिक्का बसला आणि सगळे हद्दपार झाले. शानीजादेला तिरे गावी पाठवलं. तिथेच तो त्याच वर्षी वारला. एक आख्यायिका अशी, की सुटकेचा हुकूम घेऊन माणूस दाराशी आला, आणि शानीजादेला वाटलं की मृत्युदंडच आला. धसक्यानेच प्राण गेला. आख्यायिका बाजूला ठेवा. ज्याला जॅनिसरींशी घेणंदेणं नव्हतं, जो कुठल्या मठात राहत नव्हता, ज्याची सारी हयात नव्या विद्येत गेली, तो ‘सुधारणे’च्या मोहिमेत गेला. फरूख एफेंदींनी तर पुढे कुराणावरच्या एका फारसी भाष्याचा तुर्कीत अनुवाद केला, हा पाखंडी! आणि बखरकारीच्या रिकाम्या जागेवर कोण आलं? एसाद एफेंदी. ‘मंगल घटने’चा आणि बेक्ताशींच्या पापांचा जो अधिकृत वृत्तांत आजही जो तो उद्धृत करतो, तो याच गृहस्थाने लिहिलेला.

आता ‘उदार इस्लाम’वाल्या गटाकडे वळतो, कारण इथवर वाचून त्यांना मी आपल्यातला वाटायला लागलो असेन. त्यांचं म्हणणं: कट्टर उलेमा आणि नक्शबंदी यांनी उदार सूफींचा काटा काढला. यातही तथ्य आहे. बेक्ताशींचे मठ मोठ्या प्रमाणात नक्शबंदींकडे गेले. हाजीबेक्ताशच्या मूळ मठातही एक नक्शबंदी शेख नेमला गेला. त्या काळी नक्शबंदींची जी खालिदी शाखा इस्तंबूलच्या उलेमांत आणि अधिकाऱ्यांत झपाट्याने पसरत होती, तिचं मूळ तर थेट आपल्या दिल्लीत. कुर्दिस्तानातले मौलाना खालिद १८१० च्या सुमारास दिल्लीला शाह गुलाम अली यांच्या खानकाहीत येऊन राहिले, दीक्षा घेऊन परतले, आणि शरियतचं काटेकोर पालन व सुन्नी राज्याशी निष्ठा हा त्यांचा आग्रह वाऱ्यासारखा पसरला. जुलैच्या बैठकीतल्या भाषेला त्या आग्रहाचा वास आहे.

पण मग १८२८ चं काय करणार? अवघ्या दोन वर्षांनी महमूदने त्याच खालिदींना इस्तंबूलमधून उचलून सिवासला धाडलं. कारण एकच: त्यांचा जोर वाढत होता आणि तो सुलतानाच्या हुकमतीबाहेर होता. ज्याने पाखंड्यांना बुडवलं त्यानेच कर्मठांनाही हाकललं. त्याच सुमारास फौजेच्या जुन्या वाद्यवृंदाच्या जागी इटलीहून जुझेप्पे दोनिझेत्ती बोलावला, आणि पागोट्याऐवजी फेज टोपी आली. हा माणूस कट्टरतेच्या दावणीला बांधलेला होता असं म्हणणं म्हणजे त्याला ओळखलंच नाही. उलेमा त्याला हवे होते ते तोफांच्या धुराला धर्माचा सुगंध द्यायला. जॅनिसरी पुकारा करायचे ते ‘सुलतान काफिरांच्या चालीरीती आणतोय’ असाच. त्याला उत्तर म्हणून ‘धर्मभ्रष्ट तर तुमचेच गुरू’ असं दाखवणं राजकारणाला फार उपयोगी होतं. माझ्या मते बेक्ताशींचा बळी गेला तो इथे. नव्या फौजेचं नाव आठवा: ‘मुहंमदाची विजयी सेना’. युरोपी कवायत करणाऱ्या सैन्याला असं नाव द्यायचं तर अधार्मिक म्हणून कुणीतरी दुसरं दाखवावं लागतंच.

राहिला एक मुद्दा, आणि तो बहुतेक वेळा बेक्ताशींच्या टीकाकारांकडून नव्हे तर थकलेल्या तटस्थांकडून येतो: एवढा कांगावा कशाला? जूनमध्ये हजारो मेले, जुलैत मोजकेच. पंथ तर पुन्हा उभा राहिला. हेही खोटं नाही. पुढच्या सुलतानांपैकी अब्दुलमजीदच्या कारकिर्दीत दार किलकिलं झालं, अब्दुलअझीझच्या काळात तर बेक्ताशी पुस्तकं छापू लागले. कैरोचा मठ इजिप्तचा सुभेदार मुहंमद अली याच्या छायेत शाबूत राहिला, अल्बानियात तर पंथ वाढलाच. पण टिकला तो कसा? नक्शबंदी शेखाच्या नावाखाली, दुसऱ्या पंथाची टोपी घालून, दार लावून. बेक्ताशींच्या विनोदांची तुर्कीत एक परंपराच आहे. एकाला विचारतात, नमाज का पढत नाहीस? तो म्हणतो, कुराणात लिहिलंय, ‘नमाजाच्या जवळ जाऊ नका’. अरे, पुढे वाच की, ‘नशेत असताना’! तो म्हणतो, सगळं कुराण पाठ असायला मी काय हाफिज आहे? हा विनोद सांगताना तुर्की माणसं खळखळून हसतात. पण दोन वेळा ऐकल्यावर मला त्यातला दुसरा सूरही ऐकू यायला लागला: ज्याला चौकशीला सामोरं जायची सवय झाली आहे, अशा माणसाचा हजरजबाबीपणा.

काही वर्षांपूर्वी मी हाजीबेक्ताशला गेलो होतो. आत शिरलं की अंगणं एकामागून एक उघडत जातात. दुसऱ्या अंगणात सिंहाच्या तोंडाचं कारंजं आहे, आणि त्याच्या जवळ पंथाचं स्वयंपाकघर. मोठ्या चुलीवर तो काळा हंडा, ज्याच्याभोवती मठाचं सगळं आयुष्य फिरायचं. गुरूखालोखाल मान स्वयंपाक्याला, कारण नवशिक्याची पहिली परीक्षा याच चुलीपाशी. आणि त्या स्वयंपाकघराला अगदी लागून एक मशीद. लहानशी, नीटनेटकी, मिनारासकट. बाकीच्या इमारतींपेक्षा तिचा दगड वेगळा दिसतो. ती महमूदच्या हुकमाने १८३४ मध्ये बांधलेली. तिथे उभं राहिलं की ‘फौज गेली म्हणून मठ गेला’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. कारण फौजेची चूल विझून तेव्हा आठ वर्षं झाली होती. इस्तंबूलमध्ये जॅनिसरींच्या थडग्यांवरच्या दगडी टोप्यासुद्धा फोडून झाल्या होत्या. बंड करायला कुणी उरलंच नव्हतं. तरीही राजधानीपासून इतक्या दूर, या स्वयंपाकघराच्या भिंतीला भिंत लावून मिनार उभा करण्याची गरज कुणाला तरी वाटली होती.

त्या मठाची किल्ली ज्या नक्शबंदी शेखाच्या हाती दिली, त्याच्या वारसांकडे ती कायमची राहिली असं मात्र नाही. ३० नोव्हेंबर १९२५ रोजी अंकाराच्या संसदेने ६७७ क्रमांकाचा कायदा केला आणि तुर्कस्तानातले सगळे मठ एका फटक्यात बंद केले: बेक्ताशी, नक्शबंदी, मेवलेवी, सगळे. जुलै १८२६ मध्ये न्यायाधीश म्हणून बसलेल्या पंथांचेही. बेक्ताशींचे मुख्य बाबा, सालिह नियाझी, तिरानाला गेले. २०२४ ची बातमी तिथूनच येते. हाजीबेक्ताशचा मठ १९६४ मध्ये संग्रहालय म्हणून उघडला. काळा हंडा अजून चुलीवरच आहे, पण त्याच्याखाली आता जाळ नसतो.